कंदी पेढ्याशेजारी दुसरा पेढा: साताऱ्याच्या एका दुकानाचं प्रकरण

साताऱ्याच्या बाजारपेठेतलं दुकान, दुसरी पिढी गल्ल्यावर. विक्रीचा कणा म्हणजे कंदी पेढा. म्हशीच्या दुधाचा खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजलेला, साखर बेताची. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं आहे. एक गावातलं, बारसं, निकाल, नवी गाडी अशा निमित्तानं येणारं. दुसरं हायवेवरून पुण्या-मुंबईकडे निघालेलं, अर्ध्या किलोचे दोन-तीन बॉक्स एकदम उचलणारं. दोन्हीकडून एक प्रश्न वारंवार यायला लागला, "घरात शुगरवाले आहेत, त्यांना चालेल असं काही ठेवता का?" मालकांनी साखर न घातलेला पेढा करायचं ठरवलं. पेढा बरा जमला. घोटाळा झाला तो पाटीमुळे.

पहिल्या पाटीवर मजकूर होता, "शुगर-फ्री कंदी पेढा – आता गोड खा, निर्धास्त!" पाटी लागली आणि त्या आठवड्यात प्रश्न नव्या पेढ्याबद्दल कमी, जुन्याबद्दलच जास्त आले. "मग ह्या दुसऱ्यात साखर फार असते का?" "लहान मुलांना कुठला द्यावा?" एका जुन्या गिऱ्हाइकानं तर विचारलं, "खवा दोन्हीला एकच ना?" हा शेवटचा प्रश्न सगळ्यात धोक्याचा. दिवाळीच्या आसपास बनावट खवा पकडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यामुळे मिठाईच्या दुकानात पाऊल टाकणाऱ्याच्या मनात थोडी शंका आधीच असते. "निर्धास्त" हा शब्द तिला वाट करून देतो. एक पेढा निर्धास्त खायचा, तर दुसरा कसा खायचा, हे गिऱ्हाईक आपोआप ठरवतं.

त्यात हा जिल्हा उसाचा. काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या घरचा ऊस बहुतेक वेळा कारखान्याला जातो. त्याला साखरेची भीती घालून पेढा विकणं हा धंद्याच्या दृष्टीनंही अजब प्रकार आहे.

आधी हिशेब, मग पाटी

पाटी बदलण्याआधी दोन्ही पेढ्यांत नेमकं काय आहे ते कागदावर मांडायला हवं होतं. पहिल्या पाटीच्या वेळी हेच राहून गेलं होतं. हा हिशेब मांडला की "कुठला चांगला" हा वाद बराचसा आपोआप मिटतो.

म्हशीच्या दुधाच्या एक किलो ताज्या खव्यात साधारण ३०० ग्रॅम पाणी, २७० ग्रॅम स्निग्धांश, १७० ग्रॅम प्रथिनं आणि २१० ग्रॅम दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, असते. उरलेले क्षार. दूध बदललं की आकडे थोडे हलतात, पण फार नाही. या दुकानाच्या नेहमीच्या पेढ्यात किलोभर खव्याला २०० ग्रॅम साखर पडते. भाजून, मळून, वळून सुमारे १,०२० ग्रॅम पेढा उतरतो. २० ग्रॅमच्या एका पेढ्यात मग वरून घातलेली साखर ४ ग्रॅम आणि दुधाची साखरही साधारण ४ ग्रॅम.

नव्या पेढ्यात २०० ग्रॅम साखर नाही. तिच्या जागी साखरेऐवजी वापरायचे दोन गोडवे आहेत, १०० ग्रॅम माल्टिटॉल आणि किंचित सुक्रॅलोज. पेढा उतरतो सुमारे ९३० ग्रॅम. वरून घातलेली साखर शून्य झाली, पण दुधाची साखर कुठं गेली नाही. उलट माल कमी उतरल्यामुळे तेवढाच खवा कमी पेढ्यांत बसला. त्यामुळे २० ग्रॅमच्या पेढ्यात लॅक्टोज साडेचार ग्रॅमच्या आसपास आणि स्निग्धांशही मूळ पेढ्यापेक्षा थोडा जास्त. कॅलरी मोजल्या तर मूळ पेढा १०० ग्रॅमला सुमारे ४६५ आणि नवा सुमारे ४४५. एका पेढ्यामागे फरक चारेक कॅलरींचा. माल्टिटॉल न घालता नुसतं सुक्रॅलोज वापरलं, तर नवा पेढा कॅलरीत मूळ पेढ्याच्याही पुढे जातो, कारण मग तो जवळजवळ निव्वळ खवाच.

यातून दोन गोष्टी ठरतात. नवा पेढा "हलका", "वजनाला बरा", "पथ्याचा" आहे असं म्हणायला आधारच नाही. आणि तो "शुगर-फ्री"ही नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांत "शुगर-फ्री" म्हणायला घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम साखर चालते, आणि तिच्यात दुधाची साखरही मोजली जाते. खव्याच्या पेढ्यात ती १०० ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर आहे. खव्यापासून केलेला कुठलाच पेढा या व्याख्येत बसणार नाही. "साखर घातलेली नाही" हा दावा वेगळा. साखर, गूळ, मध, खजुराची पेस्ट यातलं काहीही घातलं नसेल, तर तो करता येतो. गुळाचा पेढा करून तो या नावाखाली विकायची कल्पना दुकानात एकदा निघाली होती. तो पेढा चवीला उत्तम होईल, पण गूळही उसाचाच.

म्हणून पाटीवरून "शुगर-फ्री" काढणं भाग होतं, आणि ते काढल्यावर निम्मा प्रश्न सुटला. "साखर न घातलेला" हे कृतीचं वर्णन आहे. काय केलं ते त्यात आहे, कुठला पेढा बरा ते त्यात नाही.

कढईत काय होतं

साखर काढल्यानं रंगाचं फार बिघडत नाही. कंदी पेढ्याचा तांबूसपणा मुख्यतः दुधातलं लॅक्टोज आणि प्रथिनं एकत्र भाजली जाण्यातून येतो, त्यामुळे रंग आणि खमंग वास टिकतो. बिघडतं ते अंग. साखर पाणी धरून ठेवते, पेढ्याला ओलसर मऊपणा देते आणि दाबल्यावर तो एकसंध राहतो. ती नसली की खवा तेवढाच वेळ भाजला तरी कोरडा पडतो, वळताना कडांना चिरा जातात आणि तूप सुटून तळहात चकचकीत होतात. वळणाऱ्याच्या हाताला तूप लागायला लागलं की तो घाणा जास्त भाजला गेला असं समजावं.

माल्टिटॉलचं काम इथं गोडीपेक्षा भरीचं आहे. ते साखरेच्या साधारण नऊ दशांश गोड असतं आणि पेढ्याला अंग देतं. १०० ग्रॅममुळे ९० ग्रॅम साखरेएवढी गोडी आली. उरलेल्या ११० ग्रॅमची गोडी सुक्रॅलोजनं भरून काढायची. ते साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड, म्हणजे लागतं फक्त ०.१८ ग्रॅम. दुकानाच्या काट्यावर एवढं मोजता येत नाही आणि चिमटीनं टाकलं तर एक पेढा कडवट गोड, दुसरा फिका. त्यासाठी बारीक काट्यावर १ ग्रॅम सुक्रॅलोज मोजून उकळून गार केलेल्या १०० मिली पाण्यात विरघळवायचं आणि त्यातलं १८ मिली पाणी किलोभर खव्याला घ्यायचं. ते पाणी कढई खाली उतरवल्यावर, खवा मळताना तीन-चार वेळा शिंपडून घालायचं. माल्टिटॉल मात्र भाजणं संपायच्या थोडं आधी, आच कमी करून घालायचं. अ‍ॅस्पार्टेम इथं उपयोगाचं नाही, उष्णतेनं त्याची गोडी जाते. स्टीव्हियाची मागे रेंगाळणारी चव भाजक्या खव्यात लपत नाही.

चिरा टाळायला नवा पेढा जरा ओलसर ठेवावा लागतो आणि त्यात साखर नसल्यानं बुरशी लवकर धरते. त्यामुळे त्याची "या तारखेपर्यंत वापरा" ही तारीख मूळ पेढ्यापेक्षा आधीची. सुट्या मिठाईच्या ट्रेवर तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं झालं आहे. दोन्ही ट्रेवर एकच तारखेची चिठ्ठी लावायची सवय इथं नडते. नवा पेढा दोन दिवस आधी बाजूला काढावा लागतो, हे सकाळी दुकान उघडणाऱ्या पोराला सांगून ठेवलेलं असलं पाहिजे.

घाण्यांचा क्रमही ठरलेला. साखर न घातलेला घाणा सकाळी पहिला, धुतलेल्या कढईत आणि स्वच्छ खुरपण्यानं. साखरेच्या घाण्यानंतर कढईच्या कडेला जे चिकटून राहतं ते पुढच्या घाण्यात उतरतं, आणि मग पाटीवरचं वाक्य खोटं ठरतं.

नाव कोणाचं बदलायचं

दुसऱ्या खेपेला पाटी लिहिताना एक गोष्ट ठरवून केली. मूळ पेढ्याच्या नावाला हात लावला नाही. नवा माल आल्यावर बिलाच्या मशीनमध्ये कोणीतरी जुन्याचं नाव "पेढा (साखर)" असं टाकलं होतं, म्हणजे मशीनमध्ये दोन बटणं ओळखायला सोपी जावीत. ते बिलावर छापून गिऱ्हाइकाच्या हातात जात होतं. इतकी वर्षं जो नुसता "कंदी पेढा" होता, त्याच्यावर अचानक कंसात शिक्का बसला. तो काढला. काउंटरवरच्या बोलण्यातही "साधा", "साखरेचा", "जुना" हे शब्द बंद केले. विशेषण लागेल ते नव्यालाच.

पाटी आता अशी आहे:

"कंदी पेढा"

आणि तिच्याच मापाची, त्याच अक्षरांतली, शेजारी:

"कंदी पेढा – साखर न घालता. दुधातली नैसर्गिक साखर असते. गोडीसाठी माल्टिटॉल व सुक्रॅलोज."

बॉक्सवर याशिवाय गोडव्यांची नावं, ती लहान मुलांसाठी शिफारस केलेली नाहीत ही सूचना आणि माल्टिटॉलमुळे जुलाब होऊ शकतात हा इशारा येतो. एका पेढ्यात ते जेमतेम २ ग्रॅम असतं. पण कोणी एका बैठकीत आठ-दहा पेढे संपवले, तर पोट कुरकुर करणार. "यात साखर नाही, खा की अजून" असं घरोघरी म्हणतात, म्हणून ही ओळ बारीक अक्षरांत दडवू नये. या सूचनांचा एक फायदा असाही की नव्या पेढ्याच्या अंगावरही त्याच्या मर्यादा लिहिलेल्या दिसतात. तो जुन्याचा सुधारलेला अवतार म्हणून मिरवत नाही.

बॉक्सची पहिली छपाई हिरवी होती. पान, हृदय, वर टेप गुंडाळलेली कंबर. छापखान्याकडे असली चित्रं तयारच असतात. ती रद्द केली. शाकाहाराची हिरवी खूण नियमाप्रमाणे राहते, बाकी बॉक्स दुकानाचा नेहमीचाच, त्यावर फक्त एक निळी पट्टी. दोन्ही पेढे दिसायला जवळजवळ सारखेच, त्यामुळे अदलाबदल होण्याची भीती खरी आहे आणि शुगर असलेल्या माणसाच्या बाबतीत ती साधी चूक नाही. पिस्त्याचा काप लावून वेगळेपण दाखवावं असं कारागिरानं सुचवलं होतं. पण काप लावला की नवा पेढा भारीतला दिसतो आणि शेजारचा उघडा पडतो. शेवटी नवा पेढा निळ्या कागदी वाटीत ठेवायचा ठरलं. एकाच बॉक्समध्ये दोन्ही भरायचे नाहीत, गिऱ्हाइकानं आग्रह केला तरी.

काउंटरवर

पाटीवर कितीही तोलून लिहिलं तरी खरी तुलना विक्रेत्याच्या तोंडून होते. हे संभाषण दिवसातून कैक वेळा घडतं:

"दादा, आमच्या अण्णांना शुगर आहे. कुठला नेऊ?"

"हा न्या ताई, हा चालतो. तो नका देऊ त्यांना."

विक्रेता मदतच करतोय, पण त्यानं दोन वाक्यांत दोन चुका केल्या. "चालतो" हा वैद्यकीय सल्ला झाला आणि तो खरा असेलच असं नाही. लॅक्टोज आहे, माल्टिटॉलही रक्तातली साखर थोडीफार वाढवतं. आणि "तो नका देऊ" म्हणताना ज्या पेढ्यावर दुकान चालतं त्याच्याकडे बोट दाखवलं. आता उत्तर असं दिलं जातं:

"ताई, ह्यात आम्ही साखर घालत नाही. पण खव्याची, दुधाची साखर असतेच. अण्णांना किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. त्यांच्यासाठी शंभर ग्रॅम देऊ का? आणि घरच्यांना नेहमीचा अर्धा किलो?"

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पेढा विकत घेणारा आणि खाणारा बहुतेक वेळा वेगळे असतात. अण्णा एक, घरातली माणसं सहा. "अण्णांसाठी हा" आणि "घरच्यांना नेहमीचा" असं म्हटलं की दोन्ही पेढ्यांना आपापली माणसं मिळतात आणि बरा-वाईट हा प्रश्न उठतच नाही. कोणी थेट विचारलंच, "दोघांत चांगला कुठला?", तर उत्तर चवीवर आणायचं, "कंदी पेढ्याची चव हवी तर हा. साखर टाळायची असेल तर तो." पुढे बोलायचं नाही.

चव द्यायची पद्धतही बदलावी लागली. सुरुवातीला ताटलीत दोन्हींचे तुकडे शेजारी ठेवले होते. आधी मूळ पेढा खाल्ला की नवा मिळमिळीत लागतो. आधी नवा खाल्ला की मूळ पेढ्यावर लोक म्हणतात, "अरे बापरे, केवढा गोड!" दोन्हींत कोणीतरी पडतंच. आता नव्याचा तुकडा फक्त विचारणाऱ्याला, आणि एकट्याचा. ट्रेची जागा पेढ्यांच्या रांगेत शेवटी, उंची तीच. गल्ल्याजवळ वेगळ्या काचेत ठेवला असता तर विक्री वाढली असती कदाचित, पण वेगळी काच म्हणजे वेगळी जात.

किमतीचं थोडक्यात. खवा ३५० रुपये आणि माल्टिटॉल ३०० रुपये किलो धरलं, तर नव्याचा कच्चा माल किलोला पन्नास-साठ रुपयांनी महाग पडतो. निम्म्याहून अधिक फरक माल कमी उतरल्यामुळे. तेवढाच फरक भावात ठेवला. त्याहून जास्त लावला तर गिऱ्हाईक महाग ते शुद्ध असं धरून चालतं. कोणी कारण विचारलं तर "किलो खव्यात पेढा कमी उतरतो हो" एवढं पुरतं.

बिघडतंय हे कसं ओळखायचं

नव्या पेढ्याची विक्री किती झाली हा आकडा इथं फसवा आहे. तो वाढत असताना मूळ पेढा घसरत असेल, तर दुकानानं स्वतःचंच गिऱ्हाईक इकडून तिकडे नेलं. बघायचं ते बिल. ज्या बिलावर निळ्या पट्टीचा पेढा आहे, त्याच बिलावर मूळ पेढाही आहे का? दोन्ही असतील, तर नवा पेढा आधीच्या खरेदीत भर घालतोय. नेहमी अर्धा किलो मूळ पेढा नेणारी ओळखीची माणसं आता पाव किलो नवाच नेत असतील, तर कुठंतरी पाटी किंवा विक्रेता तुलना करतोय. बिलं आठवड्यातून एकदा चाळली तरी पुरतं.

दुसरी खूण गल्ल्याशेजारच्या वहीत. मूळ पेढ्याबद्दल शंका घेणारा प्रश्न आला की विक्रेता तो जसाच्या तसा लिहितो, आणि त्या दिवशी काउंटरवर कोण होतं तेही. या दुकानात असे प्रश्न एका विशिष्ट पाळीला जास्त येत होते. तपासलं तर संध्याकाळचा पोरगा मोठ्या उत्साहानं "हेल्दीवाला पण आहे" असं सांगत होता. हा शब्द त्यानं दुसऱ्या दुकानातून उचललेला. त्याला रागावण्यापेक्षा बोलायची दोन वाक्यं पाठ करून घेतली, ते जास्त उपयोगी पडलं.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला नवा पेढा टाकायचा तर फक्त माहिती टाकायची: "साखर न घालता केलेला कंदी पेढा, १०० ग्रॅम आणि पाव किलोत." मधुमेह दिनाच्या शुभेच्छा देऊन पेढ्याचा फोटो लावायचा मोह टाळावा. त्या दिवशी तो फोटो मूळ पेढ्याविरुद्धच बोलतो.

सुरुवातीला पौष महिना निवडला हे बरं झालं. लग्नं नाहीत, गर्दी बेताची, विक्रेत्याला दोन वाक्यं जास्त बोलायला वेळ असतो. गणपती-दिवाळीत तो मिळत नाही, कढईही दिवसभर साखरेच्या घाण्यात गुंतलेली असते. त्या दिवसांत नवा पेढा ट्रेमध्ये ठेवतच नाहीत. दोन दिवस आधी सांगितलेल्या ऑर्डरीचा तेवढा पहाटे पहिला घाणा काढतात आणि निळ्या पट्टीचे बॉक्स गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावून मागच्या फळीवर ठेवतात.